रक्ताच्या काचपट्टीवर ब्लास्ट दिसतात तेव्हा

आपल्या खानदेशात पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की 'प्लेटलेट' हा शब्द घरोघर ऐकू येऊ लागतो. जळगाव असो की धुळे, पारोळा असो की शिरपूर, आजाऱ्याला भेटायला आलेला पाहुणा आधी विचारतो, "प्लेटलेट किती आल्या?" मग पपईच्या पानांचा रस, किवीची फळं, कुणाच्या भाच्याच्या प्लेटलेट कशा वीस हजारांवर आल्या होत्या, अशा गप्पा रंगतात. यातले बहुतेक ताप डेंग्यूचे किंवा तशाच विषाणूंचे असतात आणि आठ-दहा दिवसांत माणूस उठून कामाला लागतो.

पण माझं काम रक्त तपासण्याचं. वर्षातून काही वेळा माझ्या हाती असा एक अहवाल येतो, की प्लेटलेट कमी आहेत, ताप आहे, पण डेंग्यू नाही. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, लिशमन रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तिथे मोठ्या, कोवळ्या, एकसारख्या दिसणाऱ्या पेशी असतात. त्यांना आम्ही ब्लास्ट म्हणतो. या पेशी दिसल्या, की मी अहवाल टाइप होण्याची वाट पाहत नाही. आधी डॉक्टरांना फोन करतो. ही घाई कशासाठी, तेच आज सांगायचं आहे.

'ब्लास्ट' म्हटलं की नातेवाइकांना स्फोट आठवतो. खरं तर हा शब्द ग्रीक भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ कोंब किंवा अंकुर. आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते, तिलाच बोनमॅरो म्हणतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिथे तयार होतात. प्रत्येक पेशी आधी कोंबाच्या अवस्थेत असते, मग वाढते, पक्व होते आणि त्यानंतरच रक्तात उतरते. निरोगी माणसाच्या मज्जेत ब्लास्ट शेकडा पाचांपेक्षा कमी असतात आणि बाहेरच्या रक्तात ते दिसत नाहीत. अ‍ॅक्यूट ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये, एखाद्या कोंबाची पक्व होण्याची क्षमता जाते. वाढण्याची मात्र तशीच राहते. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे लगेच समजेल. झाडाच्या बुडाशी फुटणारी पिलं वेळेवर कापली नाहीत, तर खतपाणी तीच खातात आणि घड पोसत नाही. मज्जेत असंच होतं. जागा आणि अन्न ब्लास्ट खातात आणि कामाच्या पेशी उपाशी राहतात. तांबड्या पेशी कमी पडल्या की माणूस पांढराफटक पडतो आणि त्याला धाप लागते. प्लेटलेट कमी पडल्या की हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे-काळे डाग उठतात. कामाच्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप येतो आणि हटत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ब्लड कॅन्सर म्हणजे पांढऱ्या पेशी लाखांवर गेलेल्या असणारच, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आकडा वाढलेला, नेहमीइतकाच किंवा कमीसुद्धा असू शकतो. शिवाय तालुक्याच्या लॅबमधलं लहान यंत्र पेशी मोजतं, ओळखत नाही. ब्लास्ट समोर आले की ते त्यांना लिम्फोसाइटच्या किंवा 'मिड' नावाच्या रकान्यात टाकून मोकळं होतं. म्हणून अहवालात लिम्फोसाइट ८०-९० टक्के छापून आले, किंवा यंत्राने आकड्याशेजारी चांदणी वा खूण दाखवली, तर काचपट्टी माणसाच्या डोळ्यांनी पाहायलाच हवी.

डेंग्यूपासून हे वेगळं कसं ओळखायचं? डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि हिमोग्लोबिन बहुधा टिकून राहतं, कधी वाढलेलंही दिसतं. ल्युकेमियात प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिनही घसरलेलं असतं. डेंग्यूच्या प्लेटलेट साधारण आठवड्याभरानंतर आपोआप चढू लागतात. ल्युकेमियाच्या चढत नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आणखी एक फसवी गोष्ट आहे. तिथे सिकलसेलचं प्रमाण मोठं. त्यामुळे मूल फिकट आहे, हाडं दुखतात म्हणतं, लंगडतं, एवढ्यावरून सिकलसेलचा शिक्का बसतो. लहान मुलांच्या ल्युकेमियात मज्जा ब्लास्टने ठासून भरते, तेव्हाही हाडं अशीच दुखतात. दोन्हींतला फरक काचपट्टीवर कळतो.

आता ब्लास्ट दोन घराण्यांचे असतात. एक लिम्फॉइड, दुसरं मायलॉइड. पहिल्याचा आजार तो अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल. दुसऱ्याचा अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल. एएलएल हा मुलांचा आजार म्हणावा इतका मुलांत जास्त, विशेषतः दोन ते पाच वर्षांच्या वयात. एएमएल मोठ्यांत जास्त आणि वयाबरोबर वाढत जाणारा. अर्थात अपवाद दोन्हीकडे आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली एएलएलचे ब्लास्ट बहुधा लहान असतात, आत गाभाच मोठा आणि भोवती निळसर द्रवाची बारीकशी कड. एएमएलचे ब्लास्ट मोठे, त्यांत कधी बारीक दाणे आणि कधी लालसर सुईसारखी काडी दिसते. या काडीला ऑअर रॉड म्हणतात. ती एक काडी दिसली तरी ब्लास्ट मायलॉइड घराण्यातले, हे नक्की होतं. पण पुष्कळदा काडी दिसत नाही, आणि मग नुसत्या नजरेवर भरवसा ठेवता येत नाही. पेशींच्या अंगावरच्या खुणा वाचणारी फ्लो सायटोमेट्री नावाची तपासणी करावी लागते. ही तपासणी मोठ्या केंद्रातच होते, बहुधा मज्जेच्या नमुन्यावर. नमुना कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून घेतात. 'पाठीतलं पाणी काढणं' ही वेगळी तपासणी आहे. मज्जा काढल्याने पाय लुळे पडतात ही भीती निराधार आहे. ती आपल्याकडे इतकी रुजली आहे, की काही कुटुंबं तेवढ्यासाठी चार-चार दिवस घालवतात.

घराणं ओळखण्याचा एवढा अट्टाहास का? कारण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. एएलएलमध्ये स्टिरॉइड, व्हिन्क्रिस्टिन, अ‍ॅस्पॅराजिनेज ही मुख्य हत्यारं. हा आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात दडून बसतो म्हणून पाठीतून मेथोट्रेक्सेट द्यावं लागतं आणि एकंदर उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. त्यातला मोठा काळ मूल घरी राहून गोळ्या घेतं, शाळेतही जातं. मेथोट्रेक्सेटच्या कुळाची सुरुवात आपल्या मुंबईत आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर बाई १९२८ मध्ये मुंबईला आल्या आणि गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर त्यांनी काम केलं. यीस्टच्या अर्कातला जो गुण त्यांनी शोधला, तेच पुढे फॉलिक अ‍ॅसिड ठरलं. ब्लास्टना वाढायला हे फॉलिक अ‍ॅसिड लागतं, म्हणून त्याला अडवणारी औषधं तयार झाली. ती बनवणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ती ल्युकेमियाच्या मुलांना दिली आणि १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज पुढारलेल्या देशांत एएलएल झालेल्या दहा मुलांपैकी जवळपास नऊ बरी होतात.

एएमएलचा मार्ग वेगळा. सात दिवस सायटाराबिन आणि त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन, अशी जोरदार सुरुवात, मग पुढचे काही महिने रुग्णालयात राहून आणखी फेऱ्या. पुष्कळांना शेवटी दुसऱ्याची मज्जा द्यावी लागते. भारतातलं पहिलं यशस्वी मज्जा प्रत्यारोपण डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात केलं. ते मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर. मज्जा तिच्या भावाची होती. बरे होण्याचं प्रमाण एएमएलमध्ये एएलएलच्या मुलांइतकं चांगलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण एएमएलचाच एक प्रकार याला अपवाद आहे. त्याच्याकडे मी येतोच.

त्याआधी तातडीचं कारण. बाकीच्या कर्करोगात बहुधा आठवडाभर विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो. अ‍ॅक्यूट ल्युकेमियात माणूस कर्करोग 'पसरून' जात नाही. तो जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने जातो, आणि हे दोन्ही एका रात्रीत होऊ शकतात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी पाचशेच्या खाली आल्या, की शरीरात पू होत नाही, सूज दिसत नाही. दिसतो फक्त ताप. अशा माणसाला ताप आला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. इथे आपली 'कमरेत एक सुई देऊन टाका' ही सवय नडते. प्लेटलेट १०-१५ हजार असताना दिलेल्या सुईने मांसात रक्ताची मोठी गाठ होते आणि तीच पुढे जंतूंचं घर बनते. त्यातून ती सुई डायक्लोफिनॅकची असेल, तर असलेल्या थोड्या प्लेटलेटही नीट काम करत नाहीत.

ब्लास्ट एक लाखाच्या वर गेले, तर रक्त दाट होऊन मेंदूच्या आणि फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत अडकतं. हे एएमएलमध्ये जास्त, कारण ते ब्लास्ट मोठे आणि चिकट असतात. अशा वेळी हिमोग्लोबिन पाच आहे म्हणून घाईने दोन बाटल्या रक्त चढवलं तर दाटपणा आणखी वाढतो. हेतू चांगला, परिणाम उलटा. एएलएलमध्ये वेगळी अडचण. ब्लास्ट औषधाने इतक्या झपाट्याने फुटतात, की त्यांच्यातलं पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड रक्तात लोटतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून आधी शिरेतून भरपूर पाणी आणि युरिक अ‍ॅसिड आवरणारी गोळी देऊन मगच उपचार सुरू करतात. गळ्यात गाठी आल्या, अशक्तपणा आहे, म्हणून कुणी निदानाआधी चार दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, तर हाच धोका ओढवतो. शिवाय ब्लास्ट तात्पुरते विरून जातात, मुलाला बरं वाटतं आणि निदान हातचं निसटतं. महिन्या-दोन महिन्यांनी आजार परत येतो तो जास्त हट्टी होऊन.

आता तो अपवाद. मायलॉइड घराण्यातल्या या प्रकाराचं नाव अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात एपीएल. पुढची हकिगत मी दोन-तीन रुग्णांचे तपशील एकत्र करून सांगतो आहे, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. साक्रीकडची चौतिशीची शेतकरी बाई. दहा दिवस पाळी थांबेना, दात घासताना रक्त, मांडीवर तळहाताएवढे डाग. गावात सलाइन लागलं, डेंग्यूची तपासणी झाली, ती डेंग्यू नाही असं सांगणारी आली. धुळ्यात केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट १४ हजार आणि पांढऱ्या पेशी फक्त २,१००. या शेवटच्या आकड्यावरून ब्लड कॅन्सरची शंका कुणाला आली नसती. 'व्हायरलमध्ये पेशी कमी होतात,' असंच वाटलं असतं.

काचपट्टीवर पेशी विरळ होत्या. बराच वेळ चाळल्यावर एक सापडली. गाभा मध्ये चिमटा घेतल्यासारखा दुभंगलेला, अंगभर जांभळट दाणे आणि त्यात एक नव्हे, दहा-पंधरा ऑअर काड्या, सरपणाच्या मोळीसारख्या एकत्र बांधलेल्या. अशी पेशी एपीएलची ओळख असते. त्यातले दाणे फुटले की रक्त गोठवण्याची यंत्रणाच बिथरते. एकीकडे बारीक गुठळ्या होतात, त्यात गोठवणारे घटक संपतात आणि मग कुठूनही रक्त वाहू लागतं. मेंदूतही. बाईचं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी ज्याची बनते ते प्रथिन, ९० होतं. ते दोनशेच्या वर असायला हवं.

तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. फिजिशियनना फोन केला. एपीएलच्या बाबतीत जगभरचा नियम असा, की शंका आली तरी औषध त्याच दिवशी सुरू करायचं, जनुकाच्या तपासणीची वाट पाहायची नाही. औषधाचं नाव अ‍ॅट्रा. ते 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं आहे. ते ब्लास्टना मारत नाही, पक्व व्हायला लावतं, अडलेला कोंब पुढे वाढून आपल्या मरणाने मरतो. शांघायचे वांग झेन्यी यांनी १९८५ मध्ये ते पहिल्यांदा एका लहान मुलीला दिलं. डोस शरीराच्या आकारमानावर ठरतो. या बाईला दहा मिलिग्रॅमच्या तीन कॅप्सूल सकाळी, तीन संध्याकाळी. कॅप्सूल धुळ्यात मिळेनात. नाशिकहून प्रवासी गाडीच्या ड्रायव्हरबरोबर मागवल्या, रात्री अकराला आल्या आणि त्याच रात्री पहिल्या तीन पोटात गेल्या. तोवर रक्तपेढीतून प्लेटलेटच्या सहा पिशव्या आणि फायब्रिनोजेन भरून काढणारं क्रायो देऊन झालं होतं. एपीएलमध्ये प्लेटलेट तीस ते पन्नास हजारांच्या खाली जाऊ देत नाहीत, बाकी ल्युकेमियात दहा हजारही बहुधा चालतात. फरक त्या गोठण्याच्या बिघाडाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तस्राव मंदावल्यावर, ऑक्सिजन आणि एक नर्स सोबत देऊन तिला मुंबईला पाठवलं. तिथे जनुकाची तपासणी झाली, १५ आणि १७ या क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले निघाले. म्हणजे एपीएलच. मग अ‍ॅट्राच्या जोडीला आर्सेनिक सुरू झालं. होय, सोमल. १९७०च्या दशकात चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी त्याचा गुण दाखवला आणि आज एपीएलचा तो कणा आहे. पाचव्या दिवशी तिला धाप लागली, वजन चार किलोंनी वाढलं, ताप आला. घरचे घाबरले, 'औषध लागू पडत नाही' म्हणाले. प्रत्यक्षात ते औषध लागू पडत असल्याचंच लक्षण होतं. एकदम पक्व झालेल्या पेशी फुप्फुसात गर्दी करतात. हा प्रकार ओळखला नाही तर जिवावर बेततो. ओळखला तर डेक्सामेथासोनने आवरतो. तिचा आवरला. साधारण पाच आठवड्यांनी मज्जेत ब्लास्ट उरले नव्हते.

एपीएलमधले बरेचसे मृत्यू पहिल्या महिन्यातच होतात, त्यातही पहिल्या काही दिवसांत, बहुतेक मेंदूतल्या रक्तस्रावाने. तो महिना ओलांडलेल्या दहांपैकी नऊजण आणि कधी त्याहून जास्त कायमचे बरे होतात. सगळ्यात लवकर मारणारा आणि सगळ्यात जास्त बरा होणारा, असा हा एकच ल्युकेमिया. दोन्हींच्या मध्ये असते ती एक संध्याकाळ आणि सहा कॅप्सूल.

मग आपण काय करायचं? ताप आठवडाभर उतरला नाही, बरोबर फिकटपणा आहे किंवा कुठूनही रक्त येतं आहे, तर सीबीसीबरोबर 'पेरिफेरल स्मिअर' पॅथॉलॉजिस्टकडून पाहून घ्या, एवढं शब्दशः सांगा. त्यात ब्लास्ट लिहून आले, तर दुसऱ्या लॅबमध्ये खात्री करायला दोन दिवस घालवू नका. तीच काचपट्टी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला तासाभरात दाखवता येते. रुग्णाला ताप किंवा रक्तस्राव असेल, तर आधी जवळच्या मोठ्या रुग्णालयात दाखल करा. जळगावात आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. प्लेटलेट आणि अँटिबायोटिक सुरू झाल्यावर पुढचा प्रवास करा. जळगावहून मुंबई रेल्वेने सात-आठ तास, आणि १० हजार प्लेटलेट घेऊन गर्दीच्या डब्यात बसणं म्हणजे जुगार. लहान मुलाला चाळीसगाव किंवा मनमाडच्या फलाटावर ताप चढला, तर तिथे काहीच हाताशी नसतं.

पैशाचा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि बराच वेळ खातो. शेत विकायचं की गहाण टाकायचं, या बैठकीत मी दोन-दोन दिवस गेलेले पाहिले आहेत. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत ब्लड कॅन्सरचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन निघा. बाकीचे कागद मागून येऊ द्या. मुंबईत राहण्याची सोय हा वेगळा घोर असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना अनेक वर्षं आसरा देत आली आहे, आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. तिथे जागा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागामार्फत मिळते, म्हणून पहिल्याच दिवशी त्या खिडकीवर जावं.

निघताना लॅबमधून छापील अहवालाबरोबर काचपट्ट्याही मागून घ्या. एक रंगवलेली आणि दोन न रंगवलेल्या. लॅबने नकार देण्याचं कारण नाही. त्या प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत किंवा पेपरच्या घडीत वेगवेगळ्या ठेवा, एकमेकींवर घासू देऊ नका आणि बर्फाच्या पिशवीजवळ ठेवू नका, ओल लागली की पेशी विरघळतात. पुढच्या डॉक्टरांना त्या पाचच मिनिटांत पाहता येतात. नवा नमुना देऊन अहवालाची वाट पाहण्यात जाणारा दिवस त्यामुळे वाचतो.